भोंग्यात नसलेला खर्ज

मी बोलून फसलो. ऐकण्यात मी कधीच फसलो नाही, हे आधीच सांगतो. कारण धाड गावच्या बाजारात आजही कुणी हा विषय काढला की लोक उलटं सांगतात.

नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. खेडोपाडी विजेचे खांब उभे राहत होते. बुलढाण्याच्या रस्त्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच, पण माझी. त्याआधी सहा वर्षं मी दुसऱ्याचे भोंगे डोक्यावर घेऊन लग्नामागून लग्नं हिंडलो होतो. आवाज वाढवणारं एक जुनं मशीन, दोन भोंगे, एक मायक्रोफोन आणि मुंबईहून आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर, हे सगळं मी घासाघीस करून, पोटाला चिमटा घेऊन जमवलं. तो सेट होता म्हणून मी माणसांत होतो. सेट गेला असता तर मी पुन्हा हमाल.

धाडच्या पलीकडे एक गाव आहे. तिथलं भजनी मंडळ आमच्या भागात नावाजलेलं होतं आणि त्याचं कारण त्यांचे बुवा. त्या मंडळाची एक रीत होती, जी मी दुसरीकडे पाहिली नाही. भजनाच्या आधी पेटी वाजायची नाही, कुणी टाळ हलवायचा नाही. बुवा डोळे मिटून खाली, अगदी खाली, एक सूर लावायचे. त्याला ते खर्ज म्हणत. तो सूर चार-पाच श्वास चालायचा. ऐकणाऱ्याच्या छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हलायचं. मग त्या सुरावर चौदा माणसं एकदम उभी राहून गायला लागायची. एकाचाही सूर इकडे तिकडे नाही. बुवा जाण्याच्या आधीच्या वर्षी मी त्यांचं एक भजन टेपवर घेतलं होतं, खर्जासकट.

बुवा गेले आणि मंडळ विस्कटलं. पेटीवरून सूर घेऊन पाहिला, कुणी वर जायचं, कुणी खाली. तेव्हा वर्षश्राद्धाला बुवांचाच खर्ज टेपवरून लावायचा आणि त्यावर मंडळाने उभं राहायचं, असं ठरलं. मंडळाला कायमचा सेटही घ्यायचा होता. मी गेलो. जालन्याचा एक दुकानदारही आला होता, मोठ्या लाकडी पेटीतला स्पीकर घेऊन.

देवळापुढच्या ओट्यावर बैठक बसली. जालनेवाल्याने माझ्या भोंग्याकडे बोट दाखवून म्हटलं, "याच्यातून खर्ज? भोंगा म्हणजे बकरी हो. बें बें करतो. पोट नसतं त्याला."

सगळे हसले. सरपंच सगळ्यांत मोठ्याने. सरपंच म्हणजे गावचा बडा शेतकरी, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "काऊन रे भोंगेवाल्या, बकरी आणली का आमच्या बुवाच्या जागी?"

माझं डोकं तापलं. माझं डोकं तापलं की माझी जीभ माझी राहत नाही. मी उठून उभा राहिलो. "या भोंग्यातून बुवांचा खर्ज निघाला नाही तर हा सगळा सेट गावाचा. एक पैसा नको. आणि निघाला, तर मी सांगेन त्या भावाला घ्यायचा. जालनेवाल्याने आपली पेटी बैलगाडीत घालून न्यायची."

सरपंचाने ओट्यावरून पान थुंकलं. "निघाला पाह्यजे हं. पाच पंचासमोर बोलला तू."

"निघालाच पाहिजे," मी म्हटलं.

मी काही हवेत बोललो नव्हतो. दुकानात त्याच भोंग्यावर तोच टेप मी दहा वेळा लावला होता आणि दहाही वेळा तो खर्ज स्वच्छ ऐकला होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी सभामंडप भरला. एक भोंगा आत खांबाला बांधला. समोर मंडळ, मागे गाव, आणि भिंतीला टेकून बुवांची बायको. बारीक बाई, पदर कपाळापर्यंत. वर्षभर ती कुणाशी फारशी बोलली नव्हती म्हणत. मी स्पूल चढवलं, बटण दाबलं. आधी थोडी खरखर. मग सूर आला.

मला त्या क्षणाबद्दल फुशारकी मारायची नाही. माझ्याही अंगावर काटा आला. आवाज कोरडा होता, जरा नाकातला, लांबून आल्यासारखा. पण सूर तोच, खालचा, जड. चौदा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाचव्या श्वासाला ती सगळी एकदम उठली आणि एकाच सुरात गायला लागली. वर्षभर न जुळलेले गळे. मागे बाया रडत होत्या. बुवांच्या बायकोने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते.

भजन संपलं तसा मी सरपंचापुढे जाऊन उभा राहिलो. "निघाला ना?"

"निघाला बाप्पा," सरपंच डोळे पुसत म्हणाला. "मानलं तुले. सांग तुहा भाव."

तिथेच विषय संपायचा. पण मंडळींत गावचा एक भाचा बसला होता. बुलढाण्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. तिशीचा, किडकिडीत, चष्मेवाला. तो कुणाशी भांडायला उठला नव्हता, हे मला आज कळतं. स्वतःशीच बोलावं तसा तो म्हणाला, "गंमत आहे. खर्ज निघाला नाही, आणि सगळ्यांना ऐकू आला."

मी वळलो. "काय म्हणालात?"

"एवढ्या भोंग्यातून एवढा खालचा सूर निघूच शकत नाही. नळा आखूड आहे, तोंड लहान आहे. वरचं सगळं निघालं. खालचं आपल्या कानांनी घातलं."

"माझ्या मालाला खोटं म्हणता?"

"माल खोटा नाही म्हणत मी."

"मग सिद्ध करा!" मी ओरडलो. "कॉलेजात पोरांना सांगा या गोष्टी. इथं पंच बसलेत. सिद्ध करा, नाहीतर माफी मागा!"

माझी चूक ती हीच. सरपंच भाव विचारत होता आणि मी पुरावा मागत होतो. असा सौदागर मी दुसरा पाहिला नाही.

प्राध्यापकाने एक पितळेची घागर मागितली. तिच्या तोंडाशी कान नेऊन त्याने तिच्यावर बोटाने टकटक केलं, मग तांब्या-तांब्याने पाणी घालत गेला. प्रत्येक वेळी घागरीच्या तोंडापाशी बुवांच्या खर्जात हलकेच 'हूं' करून पाही. एका ठिकाणी घागर त्याच्या आवाजाला उत्तर द्यायला लागली. त्याने बुवांच्या धाकट्या भावाला बोलावलं. त्याचा गळा बुवांइतका नव्हता, पण तो सूर त्याला लागायचा. घागरीच्या तोंडात दोऱ्याने पतंगाच्या कागदाची एक चिंधी सोडली.

"पोकळ भांड्याचा एक स्वतःचा सूर असतो," तो पंचांना म्हणाला. "तो सूर हवेत असला की भांडं घुमतं आणि तोंडातली हवा आतबाहेर होते. दुसऱ्या सुराला गप्प राहतं. ही घागर आत्ता बुवांच्या खर्जाला जुळवली आहे. काका, लावा."

धाकट्या भावाने सूर लावला. कागद थरथरायला लागला. पोरं पुढे सरकली. तो थांबला, कागद थांबला. पुन्हा लावला, पुन्हा थरथरला. घागरीला कान लावून सरपंच म्हणाला, "घुमते हो. पोटात कोणी बसल्यावानी."

"आता भोंगा लावा," प्राध्यापक मला म्हणाला.

मी टेप मागे गुंडाळला, घागर भोंग्याच्या तोंडासमोर ठेवली आणि आवाज पूर्ण सोडला. बुवांचा खर्ज सभामंडपात भरला. सगळ्यांनी ऐकला. मी ऐकला. आणि कागद हलला नाही.

मी घागर पुढे घेतली, मागे घेतली, वळवली. दोरा सरळ लोंबत होता. कागद मेल्यासारखा होता. वर बुवांचा सूर गर्जत होता आणि खाली त्याच सुराला जुळवलेली घागर त्याची दखल घेत नव्हती. टेप संपल्यावर स्पूलचं शेपूट फटफट आपटत राहिलं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

एक म्हातारा शेवटी म्हणाला, "मंग आमी काय ऐकलं?"

प्राध्यापकाने जमिनीवर बोटाने रेघा ओढल्या. तो म्हणाला, "माणसाचा सूर एकटा नसतो. समजा बुवांचा खर्ज सेकंदाला शंभर हेलकाव्यांचा. त्याच्याबरोबर दोनशेचा, तीनशेचा, चारशेचा, पाचशेचा, असे त्याच्या पटीतले बारीक सूर निघतातच. भोंगा शंभर आणि दोनशे खाऊन टाकतो. तीनशेच्या वरचे सोडतो. कानाला फक्त तीनशे, चारशे, पाचशे मिळतात. पण हे तिघं एका घरचे कधी असतील? मूळ शंभर असेल तरच. जन्मल्यापासून कानाने ही घरं ऐकलेली असतात. त्याला लेकरं दिसली की तो बाप धरून घेतो. नुसता तीनशे लावला तर वरचा, बारीकच ऐकू येईल. चारशे, पाचशे बरोबर आले की खालचा आपोआप उभा राहतो."

"आपोआप?" सरपंचाने विचारलं.

"आपल्या डोक्यात. टेलिफोनवर असंच होतं. तारेतून जाड आवाजाचा तळ जातच नाही, तरी बाप बोलतो का पोरगा, हे आपल्याला कळतं. भिंतीपलीकडून, वाऱ्यावरून, गोंगाटातून आवाज अर्धामुर्धाच पोचतो. तेवढ्यावरून माणूस ओळखता आला पाहिजे. म्हणून कान असा आहे."

मी म्हटलं, "म्हणजे ऐकू आलाच ना! चौदा माणसं त्याच सुरावर उभी राहिली. नसलेल्या सुरावर कुणी गातं?"

"गातं. आत्ताच गायली," तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचा मला अजून राग येतो.

पंच कुजबुजले. जालनेवाला मिशीत हसत होता. सरपंचालाही कोडं पडलं. माणूस लोभी होता, पण पंचासमोर बोललेलं मोडणारा नव्हता. तो म्हणाला, "हे आपल्याच्यानं नाई होत. बुवाच्या घरचं जे म्हणन ते. वहिनी, तुमी सांगा. बुवाचा आवाज तुमच्याइतका कोणाले ठावका?"

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. माझ्या जिवात जीव आला. सुराबरोबर तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. मी हात जोडून म्हटलं, "माय, ऐकला ना तुम्ही? खरं सांगा."

"ऐकला," ती म्हणाली.

मी सरपंचाकडे पाहिलं. पण ती थांबली नव्हती.

"ऐकला, पण त्या भोंग्यातून नाई आला तो. भोंग्यातून आलं ते पातळ होतं, वरचं वरचं. मी भोंग्याकडं कान देऊन पाह्यलं, तथी ते नव्हते. ते इकडं होते." तिने हात कुठे ठेवला ते मला नीट दिसलं नाही, कानाजवळ, पदराच्या आत. "वर्षभर तसेच असतात. भाचेबुवा म्हणतात ते खरं हाय. मी खोटं काऊन बोलू?"

एक बाई पटकन तिच्यापासून सरकून बसली.

पंचांनी फार वेळ घेतला नाही. भोंग्यातून निघाला पाहिजे, हे शब्द माझेच होते. मी मशीन, दोन भोंगे, मायक्रोफोन, टेपरेकॉर्डर, सगळं तिथे ठेवलं आणि धाडपर्यंत चालत आलो. वाटेत मी प्राध्यापकाला, बाईला आणि घागरीला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. माझ्या कानाने दगा दिला असता तर मी सोसलं असतं. कान तर खरा ठरला होता! साऱ्या गावाचे कान खरे ठरले होते, आणि मी एकटा खोटा.

सेटशिवाय टपरी चालेना, म्हणून तीन आठवडे मी दुसऱ्याच्या दुकानात सोल्डरिंग केलं. मग गावातून निरोप आला, येऊन जा.

गेलो तर सरपंच नेहमीसारखा बोलेना. ओट्यावर बसवून चहा दिला. म्हणाला, "सेट घेऊन जाय तुहा."

"का? काही बिघडलं?"

"बिघडलं नाई. कोणी चालूच नाई करून राह्यलं. मंडळ म्हणते, जो सूर नाई त्याच्यावर आमी उभं राहत नाई. बाया देवळात येत नाईत. म्हणतात, मेलेल्या माणसाचा आवाज कुठून निघतो तेच ठावकं नाई, मंग बोलावता कायले? त्या भाच्यानं शाळेचं समजावलं, यायनं भुताचं समजून घेतलं. घेऊन जाय बाप्पा."

सौदा माझ्या हातात आला होता, हे मला लगेच कळलं. समोरच्याला वस्तू नको झाली की भाव आपला. मी चहा संपवला. "आधी मला बघू द्या, चालतो का."

भर दुपार होती. सभामंडप रिकामा. कोपऱ्यात माझा सेट धोतराखाली झाकून ठेवला होता. त्यावर कुणीतरी हळदकुंकू टाकलं होतं. शेजारीच पिठाची गिरणी होती, तिचं ऑइल इंजिन सुरू होतं. त्याची जाड धडधड जमिनीतून पायात येत होती, दुसरं काही ऐकू येऊ नये अशी. घागर त्या दिवसापासून खांबाशीच होती, पाणी आटलेलं. मी पाणी घातलं, प्राध्यापकासारखं 'हूं' करत जुळवलं. एकट्याने असं घागरीशी बोलताना मला माझीच लाज वाटली. तोंडावर आडवी फुंकर मारली. घागर घुमायला पाहिजे होती. घुमलीही असेल, पण गिरणीच्या धडधडीत तो खालचा आवाज पार बुडाला. कानाला काही लागलं नाही.

मग मी टेप लावला.

इंजिन चालू. खालचा प्रत्येक आवाज गिळणारं इंजिन. आणि त्याच्यात बुवांचा खर्ज उभा. घागरीचा खरा खर्ज जिथे बुडाला, तिथेच हा नसलेला खर्ज मला स्वच्छ ऐकू येत होता. मला प्राध्यापकाचं म्हणणं तेव्हा पटलं, आणि पटल्यामुळे भीती वाटली. इंजिन खालचं गिळत होतं; बुवा खाली नव्हतेच. वरच्या सुरांना इंजिन पोचत नव्हतं, आणि तेवढ्यांवरून माझं डोकं त्यांना आणून उभं करत होतं. मी कागदाची चिंधी सोडली. हलली नाही. मी स्वतःला बजावलं: हा सूर नाही. नाही आहे हे तुला ठाऊक आहे. ऐकू नकोस. मी भोंग्याजवळ जाऊन नुसतं वरचं, पातळ, नाकातलं तेवढंच ऐकायचा प्रयत्न केला. क्षणभर जमल्यासारखं वाटे, आणि दुसऱ्या क्षणी बुवा पुन्हा खाली येऊन बसत. मी पाच वेळा टेप मागे घेतला. पाचही वेळा ते आले. माहीत असण्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नव्हता.

मी बटण बंद केलं. दारात बुवांची बायको उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

ओट्यावर सरपंच आणि पंचांतले दोघं वाट पाहत होते. मी म्हटलं, "नेतो. पण अशी मेहरबानी नको. त्या दिवशी तुम्ही गावासमोर मला खोटा ठरवलं. पंचांनी आत्ता म्हणायचं, खर्ज भोंग्यातून निघाला होता. ते म्हणाल तर नेतो. नाहीतर ठेवा तुमच्या देवळात."

मला वाटलं सरपंच अडेल. घासाघीस होईल. मी तयारीत होतो. पण तो एका दमात म्हणाला, "निघाला होता. भोंग्यातूनच निघाला होता. म्हणा रे तुमी पण."

"निघाला होता," दुसरा म्हणाला.

"निघाला," तिसरा म्हणाला आणि सभामंडपाकडे न बघता उठून गेला.

आयुष्यात एवढा पूर्ण सौदा मला कधी मिळाला नाही. मागितलं तेवढं सगळं, एक शब्द कमी नाही. आणि मला ठाऊक होतं की तिघंही खोटं बोलले, सेट गावाबाहेर जावा म्हणून. खरं बोलणारी दारात उभी होती.

मी सामान बाहेर आणलं तेव्हा ती जवळ आली. म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं?"

मी स्पूल काढून तिच्यापुढे धरलं, तुमच्याकडे राहू द्या म्हणालो. तिने मान हलवली, हात पुढे केला नाही. "मले कायले? मह्याकडं हायेत." मग म्हणाली, "तुमालेबी आले ना ऐकू? आता जात नाईत ते."

एसटी येईपर्यंत मी फाट्यावर भोंग्यांवर बसून राहिलो. ओळखीच्या कंडक्टरने टपावर सामान चढवायचे पैसे मागितले. मी भांडलो नाही, तो म्हणाला तेवढे दिले. तो माझ्याकडे चमकून बघायला लागला.